पाळीच्या आधी जबड्याच्या कडेला येणारे पिंपल्स: ते येतात कधी आणि सुरू होतात कधी

पाळी यायला आठ-दहा दिवस उरले की हनुवटीच्या खाली किंवा जबड्याच्या कडेला बोटाला एक दुखरी गाठ लागते. आरशात अजून काही दिसत नाही, पण दाबलं की कळ येते. दोन दिवसांत तिथे लाल फुगवटा येतो, शेजारी आणखी एक-दोन उठतात. पाळी सुरू झाली की त्या हळूहळू बसतात आणि मागे काळपट डाग ठेवून जातात. तो डाग फिका व्हायच्या आत पुढच्या महिन्याची गाठ आलेली असते. कॉलेजात चेहरा अगदी स्वच्छ होता आणि पंचविशी-तिशीत हे सुरू झालं, असं सांगणाऱ्या कितीतरी जणी असतात. पिंपल्सचा त्रास असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास बायकांना पाळीआधी तो वाढल्याचं जाणवतं.

यावरचे बहुतेक उपाय फसतात ते औषध चुकीचं असतं म्हणून नव्हे. बऱ्याचदा औषध बरोबर असतं, वेळ चुकलेली असते. ती वेळ कशी चुकते हे नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

## गाठ दिसते त्याच्या कितीतरी आधी ती सुरू झालेली असते

चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. ती तयार करते ते तेल केसाच्या नळीतून वर येतं आणि त्वचेवर पसरतं. या ग्रंथींना तेल बनवायला लावतात ते ॲन्ड्रोजेन नावाचे हार्मोन्स. टेस्टोस्टेरॉन त्यांच्यापैकीच एक. त्यांना पुरुषी हार्मोन म्हणतात खरे, पण प्रत्येक स्त्रीच्या शरीरात ते असतात आणि असायलाच हवेत. हनुवटी आणि जबड्याच्या भागातल्या केसांची मुळं या हार्मोन्सना जास्त दाद देतात. पुरुषांना दाढी तिथेच येते, ती उगाच नव्हे.

केसाच्या नळीच्या आतल्या बाजूची त्वचाही सतत झडत असते. ज्यांना पिंपल्स होतात त्यांच्यात या झडलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि नळीच्या तोंडाशी बारीक बुच बसतं. हे बुच डोळ्यांना दिसत नाही, दुखत नाही आणि अनेक आठवडे तसंच राहू शकतं. त्याच्यामागे तेल साचतं, तेलावर जगणारे त्वचेवरचे नेहमीचेच जंतू तिथे वाढतात, आणि एका क्षणी नळीची भिंत आतल्या आत फुटून सगळा ऐवज आजूबाजूच्या त्वचेत सांडतो. शरीर त्यावर तुटून पडतं. लाली, सूज, ठणका हा सगळा त्या लढाईचा भाग.

आता पाळीचा संबंध. पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे दोन्ही हार्मोन्स उतरतात. इस्ट्रोजेन तैलग्रंथींना थोडं आवरून धरत असतं. ते उतरलं की ॲन्ड्रोजेन वाढलेले नसतानाही त्यांचा जोर तुलनेनं जास्त पडतो.

स्वयंपाकघरातली मोरी डोळ्यांपुढे आणा. जाळीत महिनाभर खरकटं साचत गेलंय, तरी रोजचं पाणी कसंबसं निघून जातं. मग एक दिवस पाहुण्यांची भांडी पडतात, पाणी जास्त येतं आणि मोरी तुंबते. तुंबली त्या दिवशी आपण पाहुण्यांना दोष देतो, पण जाळी आधीच अर्धी बंद होती. पाळीआधीचे आठ दिवस म्हणजे ते जास्तीचं पाणी, आणि बुच मात्र त्याआधीच्या आठवड्यांत बसलेलं.

## ‘दर महिन्याला आठच दिवस येतात, मग रोज कशाला लावायचं?’

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते आणि ती वाजवीही वाटते. पण वरचं गणित धरलं तर उत्तर तिथेच आहे. गाठ आल्यावर तिच्यावर मलमाचा ठिपका ठेवणं म्हणजे मोरी तुंबल्यावर वरचं पाणी पुसणं. या महिन्याची गाठ ज्या बुचातून झाली ते जुनं आहे, आणि पुढच्या महिन्याचं बुच आत्ता, स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत तयार होतंय. म्हणून औषध लावायचं ते पिंपलवर नाही, तर जिथे पिंपल येतात त्या संपूर्ण भागावर, आणि पिंपल नसलेल्या दिवसांतही.

या कामाचं मुख्य औषध म्हणजे ॲडापलीन, ०.१ टक्के जेल. ते अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे आणि नळीतल्या पेशी चिकटू न देणं हे त्याचं काम. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू करावं, कारण गरोदरपणात किंवा बाळासाठी प्रयत्न चालू असताना ते वापरत नाहीत. लावण्याची पद्धत इथे तपशिलात सांगते, कारण निम्म्या जणी ते सोडून देतात त्या औषध चालत नाही म्हणून नव्हे, चेहरा भाजल्यासारखा होतो म्हणून.

रात्री चेहरा साध्या सौम्य फेसवॉशनं धुवा, टिपून घ्या आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेवर हे जेल जास्त चुरचुरतं. संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढं जेल पुरतं. फक्त हनुवटी आणि दोन्ही जबड्यांसाठी त्याचा निम्मा भाग बास. त्याचे पाच-सहा बारीक ठिपके कानाच्या पाळीखालपासून हनुवटीपर्यंत ठेवायचे आणि पातळ पसरायचे. ओठांचे कोपरे आणि नाकाच्या कडा सोडून द्यायच्या, तिथली त्वचा पटकन सोलते. वर साधं, बिनसुगंधी मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर आणि मग जेल असंही चालतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, सहन झालं की रोज. सकाळी सनस्क्रीन, तेही न चुकता.

पहिल्या दोन ते चार आठवड्यांत कोरडेपणा येतो आणि काही जणींना पिंपल्स थोडे वाढल्यासारखेही वाटतात. इथेच घाबरून ट्यूब कपाटात जाते. थोडी पापुद्रे निघण्याइतकी कोरड अपेक्षित आहे. लाल होऊन आग होत असेल, साधं पाणी लागलं तरी चुरचुरत असेल, तर दोन-तीन रात्री थांबायचं आणि मग दोन दिवसांआड सुरू करायचं. वरच्या ओठाचं किंवा हनुवटीचं वॅक्सिंग या काळात टाळा, मेणाबरोबर त्वचेचा वरचा थर निघून येतो.

जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड, २.५ टक्के. ते जंतू मारतं, आणि प्रतिजैविकांसारखी जंतूंना त्याची सवय होत नाही. १० टक्क्यांचं आणलं तर दुप्पट-चौपट फायदा होत नाही, आग मात्र जास्त होते, म्हणून कमी ताकदीचंच घ्यावं. ते सकाळी लावतात किंवा ॲडापलीनबरोबर एकत्र असलेलं जेल रात्री लावतात. एक गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी. बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा पांढरा घ्या आणि ओढणी गळ्याशी घेण्याआधी ते पूर्ण वाळू द्या.

दिवस गेलेले असतील, प्रयत्न चालू असतील किंवा हे जेल सोसतच नसेल, तर ॲझेलिक ॲसिड हा पर्याय आहे. ते गरोदरपणातही चालतं आणि डाग फिके करायलाही मदत करतं. परिणाम मात्र सावकाश दिसतो.

## बारा आठवडे म्हणजे नेमकं काय बघायचं

समजा, एक २९ वर्षांची बाई आहे. पाळी नियमित, २८ ते ३० दिवसांनी. दर महिन्याला २० व्या दिवसानंतर जबड्यावर चार-पाच गाठी येतात, पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसायला लागतात. तिनं वर सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली.

पहिल्या चक्रात फरक पडत नाही. गाठी तितक्याच येतात, वर त्वचा कोरडी. याचा अर्थ औषध निकामी असा नाही, कारण या गाठींची बुचं औषध सुरू व्हायच्या आधीची आहेत. दुसऱ्या चक्रातही आकडा साधारण तोच राहू शकतो, पण बारीक दाणे कमी झालेले असतात. बोट फिरवलं की कातडी आधीपेक्षा गुळगुळीत लागते. तिसऱ्या चक्रात गाठी कमी येतात, आल्या त्या लहान असतात आणि लवकर बसतात. म्हणजे खरी परीक्षा तिसऱ्या पाळीच्या आधीच्या आठवड्यात होते. सहाव्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून औषध बदललं की गणना पुन्हा शून्यापासून सुरू. वर्षभरात सहा क्रीम्स बदलून एकही पूर्ण न वापरलेली माणसं त्वचेच्या डॉक्टरांकडे रोज येतात.

म्हणून मोबाइलमध्ये एवढीच नोंद ठेवा: पाळीची तारीख, त्या महिन्यात आलेल्या दुखऱ्या गाठींचा आकडा, आणि २४-२५ व्या दिवशी खिडकीच्या उजेडात काढलेले डावा जबडा, उजवा जबडा, हनुवटी असे तीन फोटो. आपली आठवण या बाबतीत फार दगा देते. चेहऱ्यावर आज गाठ असली की सगळे महिने वाईट गेल्यासारखे वाटतात.

हीच नोंद आणखी एक गोष्ट दाखवते. पिंपल्स पाळीच्या तालावर येतच नसतील, महिनाभर सारखेच असतील, तर कारण दुसरं असू शकतं. दुचाकीवर जाताना तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, हेल्मेटचा पट्टा, चिमट्यानं किंवा थ्रेडिंगनं उपटलेले हनुवटीचे केस, यांनीही याच भागात दाणे येतात. उपटलेला केस परत येताना त्वचेतच वळतो आणि त्याची गाठ होते. ती दिसायला पिंपलसारखी असते, पण नीट पाहिलं तर मधे काळी रेघ दिसते. तिथे उपाय केस काढण्याची पद्धत बदलणं हा आहे.

## आलेल्या गाठीचं काय करायचं?

तोंड नसलेली, आत खोल बसलेली गाठ दाबू नये, एवढं तरी पाळावंच. वर तोंड नसल्यामुळे दाबलेला ऐवज बाहेर येत नाही, आतच फुटून पसरतो. दोन दिवसांची गाठ दोन आठवडे चालते आणि जागेवर खड्डा राहण्याची शक्यता वाढते. बर्फ कपड्यात गुंडाळून काही मिनिटं धरला तर ठणका उतरतो. पिंपलवर चिकटवायच्या पट्ट्या वर आलेल्या, पाणावलेल्या फोडाला बऱ्या, बोटं तरी लागत नाहीत. खोल गाठीत त्यांचा उपयोग नाही. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी त्वचा भाजते आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर भाजल्याचा डाग पिंपलच्या डागापेक्षा गडद पडतो.

घरात लग्नकार्य आहे आणि चार दिवस आधी मोठी गाठ आली, अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ गाठीत अगदी पातळ केलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. ती दोन-तीन दिवसांत बसते. औषध जास्त पडलं तर त्या जागी खळगा पडू शकतो, म्हणून हे काम सवयीच्या हातानंच व्हावं.

## ‘डाग घालवायला मेडिकलमधून एक ट्यूब आणली, आठवड्यात चेहरा उजळला’

हे वाचणाऱ्या प्रत्येकीनं या परिच्छेदापाशी थांबावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यात गोरं करणाऱ्या, डाग-पिंपल-खाज सगळ्यावर एकच म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव शोधा. स्टिरॉइड सूज झटकन दाबतं, म्हणून पहिले पंधरा दिवस चेहरा सुरेख दिसतो. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर केस वाढतात आणि पिंपल्स झुंडीनं येतात. ट्यूब बंद केली की चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून परत लावली जाते. आपल्या देशात हे इतकं बोकाळलं की त्वचारोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ती काउंटरवर मिळतात, पार्लरमध्ये बिनलेबलाच्या डबीतही मिळतात.

अशी ट्यूब महिनोन्महिने वापरली असेल तर आज रात्री एकदम बंद करून घरी सोसत बसू नका. ती ट्यूब किंवा डबी बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती सोडवण्याची पद्धत असते.

## ‘आधी हार्मोन्सच्या सगळ्या तपासण्या करून घेऊ का?’

पाळी नियमित असेल आणि इतर लक्षणं नसतील तर बहुतेकींना गरज नसते. नाव ‘हार्मोनल’ असलं तरी या बहुतेक स्त्रियांच्या रक्तातल्या हार्मोन्सचे आकडे अगदी ठीक येतात. फरक रक्तात नसतो, त्वचेत असतो. तिथल्या ग्रंथी नेहमीच्याच हार्मोनला जास्त जोरानं दाद देतात आणि ते रक्ततपासणीत दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, आणि रिपोर्ट नॉर्मल असतानाही हार्मोनवर काम करणारी औषधं लागू पडतात.

तपासण्या कधी हव्यात? दोन पाळ्यांमध्ये ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडत असेल किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील. हनुवटी, वरचा ओठ, छाती, बेंबीखाली जाड काळे केस वाढत असतील. भांग रुंदावत असेल. अशा वेळी पीसीओएसचा, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाचा, विचार होतो. बोलण्यात त्यालाच पीसीओडी म्हणतात. त्याचं निदान तीन गोष्टींपैकी दोन जुळल्या तर करतात: अनियमित पाळी, ॲन्ड्रोजेन जास्त असल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत दिसणारे अंडाशयातले अनेक बारीक फुगे. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवर ‘पीसीओडी आहे’ असा शिक्का बसला असेल आणि बाकी दोन्ही गोष्टी नसतील, तर ते निदान पुरं नाही. विशेषतः पाळी सुरू होऊन थोडीच वर्षं झालेल्या मुलींमध्ये असे फुगे सहज दिसतात, म्हणून त्यांच्यात सोनोग्राफीवर निदान करतच नाहीत.

रक्ततपासणी करायची तर ती पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत करतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केली तर आकडे फसवे येतात. हे डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

## खाणं, तेल आणि ‘उष्णता’

घरातला पहिला सल्ला ‘तेलकट बंद कर, पोट साफ ठेव’ हा असतो. तळलेल्या भज्यातलं तेल जबड्यावरच्या ग्रंथीत जात नाही आणि पोट साफ होण्याशी या गाठींचा संबंध दाखवता आलेला नाही. ज्याला थोडाफार आधार आहे ते दोन पदार्थ: रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणारं खाणं, म्हणजे गोड पेयं, मैदा, बिस्किटं, आणि काही जणींत दूध, त्यातही साय काढलेलं. जिमला जाणाऱ्यांनी व्हे प्रोटीनची पावडर कधी सुरू केली ते आठवून पाहावं. ब १२ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनंतरही काही जणींना पिंपल्स येतात. पण पाळी-तालावर येणाऱ्या गाठी नुसत्या पथ्यानं जातील अशी आशा धरून दोन वर्षं घालवू नका, तेवढ्यात खड्डे पडतात.

केसांना लावलेलं तेल कपाळावर आणि कानशिलांवर ओघळतं तेव्हा तिथे दाणे येतात. जबड्याच्या गाठींना ते सहसा जबाबदार नसतं.

## त्वचारोगतज्ज्ञाकडे कधी जायचं

घरचे सगळे उपाय थकले की मग शेवटी, असा क्रम अनेक घरांत असतो. तो उलटा करण्याची काही ठोस कारणं आहेत. दुखऱ्या खोल गाठी दर महिन्याला येत असतील तर डॉक्टरांना न दाखवता बारा आठवडे वाट बघायची नाही, कारण खड्डे अशाच गाठींमधून पडतात आणि पडलेला खड्डा मलमानं भरत नाही. एक जरी खड्डा पडलेला दिसला तरी जा. ॲडापलीन तीन महिने नेमानं लावून फरक नसेल, पाळी अनियमित असेल, मूल हवं असण्याचा विचार चालू असेल, वर सांगितलेली स्टिरॉइडची ट्यूब वापरलेली असेल, तरी जा. आणि चेहऱ्यामुळे कामावर जाणं, लोकांत मिसळणं टळायला लागलं असेल, तर गाठी मोजत बसू नका. तेवढं कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र तातडीची. काही महिन्यांत अचानक खूप पिंपल्स, सोबत आवाज घोगरा होणं, केस वेगानं वाढणं, पाळी बंद पडणं असं एकत्र झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असते, ती शोधावी लागते.

डॉक्टर निवडताना पाटीवर ‘स्किन क्लिनिक’ आहे एवढ्यावर जाऊ नका. नावापुढे त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. खासगी फी परवडत नसेल तर पुण्यात ससून, मुंबईत केईएम अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो.

भेटीची वेळ अनेकदा नेमकी पाळीनंतरच्या स्वच्छ दिवसांत मिळते आणि डॉक्टरांना तुमचा चेहरा बरा दिसतो. म्हणून ते २५ व्या दिवसाचे फोटो दाखवा. सोबत आजवर लावलेल्या ट्यूबा, चालू असलेल्या गोळ्या आणि गर्भनिरोधनाचं साधन सांगा. हार्मोन असलेली तांबी किंवा गर्भनिरोधक इंजेक्शन सुरू केल्यानंतर पिंपल्स वाढले असतील तर तो धागा महत्त्वाचा आहे, कारण त्यांत फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं आणि ते काहींच्यात पिंपल्स वाढवतं.

## डॉक्टर गोळ्या देतील त्या कोणत्या, आणि त्यांची भीती किती बाळगायची

स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिलं की औषधाच्या दुकानातला मुलगा सांगतो, ‘ही तर बीपीची गोळी आहे’, आणि पोरगी घाबरून परत येते. तो खोटं बोलत नसतो. ते मूळचं लघवी वाढवणारं, रक्तदाब उतरवणारं औषध आहे. पण तैलग्रंथीपाशी ॲन्ड्रोजेनला जागा मिळू न देण्याचं कामही ते करतं, आणि जबड्याच्या अशा गाठींवर जगभर वापरलं जातं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात हे औषध, तुलनेसाठी दिलेल्या बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं. बाराव्या आठवड्याला फरक थोडा होता, चोविसाव्याला जास्त स्पष्ट. म्हणजे इथेही घाई चालत नाही. चक्कर येणं, लघवीला जास्त जाणं, पाळी मागेपुढे होणं हे त्याचे त्रास. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी दुसरी औषधं चालू असतील तर ते आधी सांगायलाच हवं. आणि ते चालू असताना दिवस जाता कामा नयेत, कारण मुलगा असेल तर गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

दुसरा मार्ग इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचा. ‘लग्नाआधी या गोळ्या?’ हा प्रश्न आईकडून येतो आणि तो काळजीपोटी येतो. गोळी इथे औषध म्हणून दिली जाते, ती बंद केल्यावर पुढे दिवस राहायला अडचण येत नाही. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायची असते. डोळ्यांपुढे चकाकी येऊन सुरू होणारी अर्धशिशी, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, वाढलेला रक्तदाब, पस्तिशीनंतर धूम्रपान, यांपैकी काही असेल तर ही गोळी देत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

डॉक्सीसायक्लिनसारखं प्रतिजैविक सूज पटकन उतरवायला काही आठवडे देतात. ते तीन-चार महिन्यांपलीकडे ओढायचं नसतं आणि एकटं द्यायचं नसतं, जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड लागतंच, नाहीतर जंतू त्याला दाद देईनासे होतात. जुनी चिठ्ठी दाखवून दर महिन्याला तीच स्ट्रिप आणणं म्हणूनच बंद करा.

खड्डे पडत असतील किंवा बाकी काही चालत नसेल तर आयसोट्रेटिनॉइन. ते प्रभावी आहे, पण त्यानं गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं. सुरू करण्याआधी गरोदरपणाची तपासणी, चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर पक्कं गर्भनिरोधन, अधूनमधून रक्ततपासणी हे सगळं त्यात आलंच. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊन पाहण्याचं हे औषध नव्हे.

## गाठी थांबल्यावर

चार-सहा महिन्यांनी जबडा स्वच्छ झाला की सगळं एकदम बंद करण्याची इच्छा होते. पाळीचं चक्र चालू आहे आणि त्वचेचा स्वभावही तोच आहे, त्यामुळे बुचं परत बसायला लागतात आणि दोन-तीन चक्रांत गाठी परततात. गोळी असेल तर ती डॉक्टर हळूहळू कमी करतात आणि ॲडापलीन चालू ठेवतात. अनेकींना आठवड्यातून दोन-तीन रात्री एवढंही पुरतं. मागे राहिलेले सपाट काळपट डाग हे खड्डे नव्हेत. ते काही महिन्यांत फिके पडतात, उन्हात मात्र गडद होतात, म्हणून सनस्क्रीन तेवढं सोडू नका. बोट फिरवून खोलगट लागतो तो खड्डा. त्याचे उपचार गाठी पूर्ण थांबल्यावरच सुरू करतात, कारण एकीकडे नवे पडत असताना जुने भरून उपयोग नसतो. पिंपल्स चालू असताना पहिल्याच भेटीत कुणी लेझरचं पॅकेज पुढे करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.